लिंक्डइनवर कमेंटमधून ओळख: सुरुवात अशी करा

तुम्ही बडोद्यात ट्रान्सफॉर्मर टेस्टिंगला आहात, म्हणजे लिहिण्यासारखं तुमच्याकडे रोजच असतं. आधी लिंक्डइनवरची हेडलाइन नीट करा. कमेंटच्या वर नावासोबत तीच दिसते, त्यामुळे तिथे 'ट्रान्सफॉर्मर ऑइल टेस्टिंग' असं स्पष्ट हवं.

मग आपल्याच क्षेत्रातली आठ-दहा माणसं निवडा. फार प्रसिद्ध नकोत. जी कमेंटला उत्तर देतात ती घ्या. पोस्ट ताजी असतानाच लिहा, शेकडो कमेंटनंतर तुमची कोण वाचणार?

समजा, कोणी लिहिलं की तेलाचा बीडीव्ही अचानक घसरला. तिथे 'खूप छान माहिती सर' लिहिणं वाया जातं. असं लिहा: "सर, नमुन्याची बाटली ओलसर असली तरी आकडा पडतो. व्हॉल्व्हमधलं पहिलं तेल वाहू देऊन, कोरड्या बाटलीत पुन्हा नमुना घेतला होता का?" एक निरीक्षण, एक खरा प्रश्न, तीन-चार ओळी, बस्स. त्यांनी उत्तर दिलं की त्याच दिवशी पुढचं बोला; खरी ओळख तिथेच होते.

नवीन लोक हमखास चुकतात ते इथे:
- स्वतःची लिंक किंवा बायोडेटा टाकणं
- चारचौघांत चूक काढून दाखवणं
- कंपनीच्या ग्राहकाचं नाव किंवा रिपोर्ट उघड करणं. यात नोकरीही जाऊ शकते

कनेक्शनची विनंती दोन-तीनदा असं बोलणं झाल्यावरच पाठवा.