चुनखडी कोणत्या तापमानाला फुटते, ते कागदावर काढताना

CaCO₃ → CaO + CO₂ हेच उदाहरण घ्या. तक्त्यातल्या किमतींवरून ΔH, म्हणजे अभिक्रियेतला उष्णतेचा बदल, येतो +178.3 किलोज्यूल प्रति मोल. ΔS, म्हणजे एन्ट्रॉपीतला बदल, काढायला उत्पादितांच्या एन्ट्रॉपीतून चुनखडीची वजा करा: 39.7 + 213.7 − 92.9, म्हणजे +160.5 ज्यूल प्रति केल्विन.

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. एक आकडा किलोज्यूलमध्ये, दुसरा ज्यूलमध्ये. तसाच भागाकार केला की उत्तर 1.1 केल्विन येतं. तसं असतं तर डोंगरातली चुनखडी कधीच उरली नसती! आधी ΔH चे 178300 ज्यूल करा. ΔG ऋण असेल तर अभिक्रिया उत्स्फूर्त होते, शून्य ही त्याची सीमा. म्हणून ΔG = ΔH − TΔS मध्ये ΔG शून्य धरला की T = 178300 ÷ 160.5, साधारण 1111 केल्विन, म्हणजे 838 अंश सेल्सिअस.

आता चिन्हं बघा. ΔH आणि ΔS दोन्ही धन असल्यानं अभिक्रिया या तापमानाच्या वर उत्स्फूर्त होते. दोन्ही ऋण असती तर खाली झाली असती. चिन्हं विरुद्ध असली तर T ऋण येतं. मग असा बिंदूच नाही, आकडेमोड तिथेच थांबवा.

प्रत्यक्षात CO₂ चा दाब 1 बार व्हायला जवळपास 890 अंश लागतात. कारण आपण 25 अंशाच्या किमती तशाच वर नेल्या, पण ΔH आणि ΔS तापमानाबरोबर थोड्या बदलतात. उलट, भट्टीतून CO₂ सतत बाहेर जात असेल तर चुनखडी याहून कमी तापमानालाही फुटू लागते. कारण आपला हिशेब 1 बार दाबाचा आहे.