बिलाच्या फोटोतून आकडे काढले, पण बेरीज जुळत नाही

दुकानाच्या बिलाच्या फोटोवरून नग, दर, कर काढले. बेरीज छापील रकमेशी जुळत नाही, चूक कुठे शोधू?

एकूण बेरीज तूर्त सोडा, एकेक ओळ तपासा: नग × दर = ओळीची रक्कम. समजा 12 नग, दर 46 आणि रक्कम 540 असं वाचलं गेलंय. गुणाकार 552 येतो. पण 540 ला 12 ने भागलं की नेमके 45 मिळतात, म्हणजे बहुधा दरातला 5 हा 6 वाचला गेला. तरी फोटो मोठा करून तो आकडा स्वतः पाहाच.

सगळ्या ओळी जुळूनही फरक उरला, तर कर पाहा. 5% कर वेगळा लावला असेल तर एकूण 567. दरातच धरला असेल तर एकूण 540च, त्यात कर 25.71. छापील एकूण मात्र वेगळ्या रकान्यात तशीच ठेवा.