बिलांच्या तारखांवरून थकबाकीचा एजिंग रिपोर्ट: आकडे का फिरतात

प्रश्न: आमचं तालुक्याला खत-बियाणे-औषधांचं होलसेल दुकान आहे. पीडीएफ बिलांमधून बिल तारीख, देय तारीख आणि बाकी काढून एक्सेलमध्ये घेतली आणि एजिंग रिपोर्ट बनवला. पण ज्यांचं देणं जवळजवळ वेळेवर आहे ते ९० दिवसांच्या वर दिसतात, आणि एकूण बेरीज खातेवहीशी जुळत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर:

बहुतेक तारखांमध्येच चुकतंय. मी यवतमाळ जिल्ह्यात अशाच एका होलसेल दुकानाचे हिशेब बघतो. पहिल्या वर्षी माझ्याही रिपोर्टमध्ये हेच झालं होतं. त्या कागदावरून शेठजींनी वसुलीचा माणूस एका गावच्या कृषी केंद्रावर पाठवला. त्या दुकानदाराची मुदत संपून महिनाही झाला नव्हता. सोयाबीन अजून शेतात उभं होतं. पुढे दोन हंगाम त्याने आमच्याकडून माल उचलला नाही. म्हणून हे नीट सांगतो.

एका पार्टीची चार बिलं घेऊ. मुदत ६० दिवस, आणि रिपोर्ट ३०/०९/२०२५ अखेरचा.

| बिल | बिल तारीख | देय तारीख | बाकी |
|---|---|---|---|
| ११२ | ०५/०६/२०२५ | ०४/०८/२०२५ | ४८,००० |
| १३१ | २५/०६/२०२५ | २४/०८/२०२५ | ३६,५०० |
| १६० | १०/०७/२०२५ | ०८/०९/२०२५ | २२,००० |
| २०१ | १२/०८/२०२५ | ११/१०/२०२५ | १५,५०० |

देय तारखेपासून मोजलं तर ११२ नंबरला ५७ दिवस झाले, १३१ ला ३७, १६० ला २२, आणि २०१ ची मुदत संपायला अजून ११ दिवस आहेत. म्हणजे ९० च्या वर एक रुपयाही नाही.

आता संगणकाची भाषा-प्रदेश सेटिंग अमेरिकन असेल तर काय होतं बघा. एक्सेल आधी महिना वाचतं, मग दिवस. ०४/०८ चं ८ एप्रिल होतं, आणि ५७ दिवसांची थकबाकी १७५ दिवसांची होऊन बसते. २४/०८ मध्ये चोविसावा महिना नसतो, म्हणून एक्सेल ती तारीख नुसता मजकूर म्हणून ठेवतं. त्या ओळीचे दिवस निघतच नाहीत, `#VALUE!` येतं. `SUMIFS` अशी ओळ काही न बोलता सोडून देतं, आणि ३६,५०० रुपये रिपोर्टमधून गायब होतात. तुमचे दोन्ही त्रास, ९० च्या वरची खोटी थकबाकी आणि न जुळणारी बेरीज, या एकाच कारणाने होऊ शकतात. महिन्याच्या १२ तारखेपर्यंतच्या तारखा उलटतात आणि १३ पासूनच्या मजकूर होतात, म्हणून वरवर बघितलं तर निम्मा रिपोर्ट बरोबरच वाटतो.

ओळखायचं कसं? कॉलम रुंद करा आणि अलाइनमेंटला हात लावू नका. खरी तारीख उजवीकडे चिकटते, मजकूर डावीकडे. पण उलटलेली तारीख अशी सापडत नाही, कारण ती एक्सेलच्या लेखी खरीच तारीख असते. तिच्यासाठी देय तारखेतून बिल तारीख वजा करा. आमच्याकडे उत्तर ६० च यायला हवं. उलटलेल्या ११२ मध्ये बिल ६ मेचं आणि देय ८ एप्रिल, म्हणजे बिल फाटायच्या आधीच मुदत संपलेली. १६० चं बिल तर ७ ऑक्टोबरचं दिसतं, रिपोर्टच्या तारखेच्याही पुढचं. मी रिपोर्ट बनवण्याआधी ही वजाबाकी प्रत्येक ओळीवर करतोच.

एक गोष्ट कळकळीने सांगतो: उलटलेल्या तारखा त्याच शीटमध्ये हाताने सुलटवत बसू नका. कोणती उलटली आणि कोणती नाही हे थोड्या वेळाने तुम्हालाच कळणार नाही. काढलेली मूळ फाइल पुन्हा घ्या, तारखेचे कॉलम Text म्हणून आणा, आणि मग सूत्राने तारीख बनवा. C मध्ये देय तारखेचा मजकूर, D मध्ये बाकी आणि H1 मध्ये रिपोर्टची तारीख धरून E आणि F मध्ये हे टाका:

```
E2: =DATE(RIGHT(C2,4),MID(C2,4,2),LEFT(C2,2))
F2: =$H$1-E2
```

मग गटांची बेरीज. पहिली ओळ मुदत न संपलेल्यांची, दुसरी १ ते ३० दिवसांची, पुढचे गट तसेच:

```
=SUMIFS(D:D,F:F,"<=0")
=SUMIFS(D:D,F:F,">=1",F:F,"<=30")
```

हे सूत्र दिवस-महिना दोन-दोन अंकी आणि वर्ष चार अंकी असेल तरच चालतं. बिलावर ५/६/२५ असं छापलं असेल तर आधी ते एकसारखं करून घ्या. H1 मध्ये `TODAY()` टाकू नका, तारीख हाताने `=DATE(2025,9,30)` अशी लिहा, म्हणजे तीही उलटणार नाही की मजकूर होणार नाही. `TODAY()` ठेवलं तर सोमवारी छापलेला कागद आणि गुरुवारी उघडलेली फाइल वेगवेगळं बोलतात, आणि पार्टीसमोर पंचाईत होते.

दिवस बिल तारखेपासून मोजू नका. तसं केलं तर वरचीच ११२ आणि १३१ बिलं ११७ आणि ९७ दिवसांची होतात, आणि ८४,५०० रुपये ९० च्या वर जातात. तरी बिल तारखेचा कॉलम ठेवाच. जो दुकानदार जीएसटीचं इनपुट क्रेडिट घेतो, त्याला बिल तारखेपासून १८० दिवसांत पैसे चुकते करावे लागतात, नाहीतर क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. ११२ साठी तो दिवस २ डिसेंबर. शेठजींनी कोणाला तोंडी ‘कापूस निघाल्यावर दे’ म्हटलं असेल तर देय तारीख बदलू नका, ‘ठरलेली तारीख’ असा वेगळा कॉलम करा.

आता बाकी. बिलावरची रक्कम ही बिल केलं त्या दिवसाची असते. नंतर आलेले पैसे त्या पीडीएफला माहीत नसतात. म्हणून तारखा बिलावरून घ्या, पण बाकी खातेवहीतल्या बिलवार येणे यादीवरून, बिल नंबर जुळवून. आमच्याकडे आणखी एक घोळ होता. बिलाच्या तळाशी ‘मागील बाकी’ छापून येते. १३१ वर खाली मागील बाकी ४८,००० आणि एकूण ८४,५०० असं होतं, आणि काढताना ८४,५०० च उचलले गेले. ११२ ची रक्कम दोनदा धरली गेली. रिपोर्टची बेरीज खातेवहीपेक्षा जास्त येत असेल आणि फरक एखाद्या जुन्या बिलाएवढा नेमका असेल, तर आधी हेच तपासा. बेरीज कमी येत असेल तर मजकूर झालेल्या तारखा शोधा.

शेवटचं, जमा पण बिलाला न लावलेले पैसे. या पार्टीचे २०,००० रुपये असेच आले होते. चार बिलांची बेरीज १,२२,०००, खातेवहीत मात्र येणे १,०२,०००. हा फरक चूक नाही. पण ते २०,००० उणे करून ‘मुदत न संपलेल्या’ गटात ढकलू नका, वेगळ्या कॉलममध्ये दाखवा. कोणत्या बिलापोटी दिले ते आधी पार्टीला विचारा. करार कायदा १८७२ च्या कलम ५९ ते ६१ प्रमाणे पहिला हक्क देणाऱ्याचा, तो काही बोलला नाही तर घेणाऱ्याचा, आणि दोघांनीही ठरवलं नाही तर रक्कम जुन्या बिलापासून क्रमाने वळती होते. आमच्या पार्टीने फोनवर ‘११२ ला लावा’ सांगितलं, आणि त्या बिलाची बाकी २८,००० झाली.