उंच ग्लासात कमी आणि बुटक्या ग्लासात जास्त कसं मावतं, हे मुलांना कसं शिकवावं?

प्रश्न: मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाचची. कोकम सरबत केलं की उंच ग्लासासाठी भांडण ठरलेलं, कारण "त्यात जास्त येतं". खरं तर आमच्या बुटक्या, रुंद ग्लासात जास्त मावतं. सुट्टीत बिल्डिंगमधल्या मुलांना एकत्र बसवून हे थोडक्यात शिकवायचं आहे. कसं शिकवू?

उत्तर:

मी परळला मराठी शाळेत तिसरी-चौथीला गणित शिकवते. धारकता, म्हणजे भांड्यात किती मावतं, हा धडा दरवर्षी घेते. पुस्तकात लिटर-मिलीलिटरची बेरीज-वजाबाकी भरपूर असते, पण मुलाचा डोळा त्याला का फसवतो याकडे फारसं कोणी वळत नाही. धड्याची खरी गंमत तर तिथेच आहे.

सगळ्यात आधी ग्लास निवडा. दोन्ही सरळ बाजूंचे हवेत, वर रुंद आणि खाली निमुळते नकोत. स्टीलचे पातळ पत्र्याचे असतील तर उत्तम. उसाच्या रसाच्या गाड्यावरचा किंवा कटिंग चहाचा काचेचा ग्लास या कामाचा नाही. त्याचा बूड इतका जाड असतो की बाहेरून दिसणाऱ्या उंचीतली बरीचशी नुसती काचच असते. तो ग्लास मुलांना नंतर वेगळा दाखवा, पण पहिल्या दिवशी दोन गोष्टींची सरमिसळ नको.

समजा, तुमचा उंच ग्लास आतून ५ सेंटीमीटर रुंद आणि १४ सेंटीमीटर खोल आहे. बुटका ७.५ सेंटीमीटर रुंद आणि ८ सेंटीमीटर खोल. तुमच्या घरचे आकडे थोडे वेगळे असतील, पट्टीने मोजून घ्या.

आता मुलांना विचारा, "कशात जास्त मावेल?" बहुतेक मुलं उंचाकडे बोट दाखवतील. कोणालाही चूक म्हणू नका. बुटका ग्लास काठोकाठ भरा आणि तेच पाणी उंच ग्लासात ओता. उंच ग्लास परातीत ठेवायला विसरू नका, कारण तो भरून वाहणार आहे. ओतण्याची दिशा इथे महत्त्वाची आहे. उलट केलं, म्हणजे भरलेला उंच ग्लास बुटक्यात ओतला, तर बुटका सवासहा सेंटीमीटरच्या आसपास भरतो आणि वर जेमतेम पावणेदोन सेंटीमीटर रिकामा राहतो. तेवढ्याने मुलांचं समाधान होत नाही, "थोडं सांडलं असेल" म्हणतात. पण उंच ग्लास डोळ्यांदेखत ओसंडून वाहिला की वाद संपतो. परातीत जमलेलं पाणी १५ मिलीच्या मोठ्या चमच्याने मोजायला लावा. वरच्या मापांना ते पाचेक चमचे भरतं, म्हणजे ७५-८० मिली.

इथे बहुतेक पालक थांबतात. मुलाला उत्तर मिळालेलं असतं, कारण मिळालेलं नसतं. कारणासाठी कागद लागेल.

एका कोऱ्या कागदावर पट्टीने उभ्या-आडव्या एकेक सेंटीमीटरवर रेघा मारा. दोन्ही ग्लास त्यावर पालथे ठेवून तोंडाभोवती पेन्सिल फिरवा. गोलाचा मध्य एखाद्या चौकटीच्या मधोमध येईल असं ठेवलं तर मोजणं सोपं जातं. मग गोलातल्या चौकटी मोजायच्या. जी अर्ध्याहून जास्त आत आहे ती पूर्ण धरायची, जी अर्ध्याहून कमी आहे ती सोडून द्यायची. मुलांचे आकडे एखाद-दुसऱ्याने मागेपुढे होतील, होऊ द्या. आपण अरुंद गोलात २० आणि रुंद गोलात ४४ धरू.

मुलं इथे चमकतात. ७.५ म्हणजे ५ च्या दीडपट, मग चौकटी दुपटीहून जास्त कशा? तिसरीच्या पुढच्या मुलांना कागदाच्या कोपऱ्यात दोन चौरस काढायला सांगा, एक २ चौकटी रुंदीचा, दुसरा ३ चौकटींचा. बाजू दीडपट झाली, आणि आतल्या चौकटी ४ वरून ९ झाल्या. रुंदी वाढते तेव्हा ती डावी-उजवीकडेही वाढते आणि पुढे-मागेही वाढते. उंची मात्र एकाच दिशेने वाढते, वर. समोरून बघताना आपल्याला ग्लासाची डावी-उजवी रुंदी आणि उंची एवढंच दिसतं. पुढे-मागे पसरलेला भाग डोळ्यांच्या हिशोबात येत नाही. म्हणून ग्लास समोरून न दाखवता एकदा वरून दाखवा, मुलांना स्टुलावर उभं करून. बुटका ग्लास वरून बघितला की एकदम मोठा वाटायला लागतो.

पुढची पायरी थरांची. कागदावरच्या प्रत्येक चौकटीवर एक सेंटीमीटर उंच पाणी उभं आहे अशी कल्पना करायची. लांबी, रुंदी, उंची तिन्ही एकेक सेंटीमीटर असलेल्या त्या ठोकळ्यात बरोबर १ मिली पाणी मावतं. म्हणजे अरुंद ग्लासातला एक सेंटीमीटरचा थर २० मिलीचा आणि रुंद ग्लासातला ४४ मिलीचा. मी मुलांना सांगते, एका डब्यात फुलके रचलेत आणि दुसऱ्यात भाकऱ्या. चळत कोणाची उंच एवढंच बघून पीठ कुठे जास्त लागलं ते कळेल का? मग उंच ग्लासात २० चे १४ थर, म्हणजे २८० मिली. बुटक्यात ४४ चे ८ थर, म्हणजे ३५२. फरक ७२. परातीतले चमचे आठवून मुलं स्वतःच ओरडतात. कागदावरचा आकडा आणि सांडलेलं पाणी जुळलं की हा धडा पक्का होतो. जुळलं नाही आणि फरक मोठा निघाला, तर बहुतेक वेळा ग्लास सरळ बाजूंचा नसतो किंवा गोल बाहेरच्या जाड काठावरून काढलेला असतो.

आता एक धोका. एवढं झाल्यावर मुलं नवा नियम पाठ करून टाकतात: "रुंद असेल त्यात जास्त." तोही तितकाच खोटा. लगेच चहाचा कप आणि बशी पुढे ठेवा. बशी कपापेक्षा कितीतरी रुंद, पण भरलेला कप एका वेळी बशीत रिकामा करून बघा म्हणावं. आजोबा थोडा थोडा ओतून का पितात ते मुलांना तिथेच कळतं (चहा निवतो हे दुसरं कारण, ते आजोबांना सांगू द्या). बशीचा थर मोठा असतो, पण थरच फार थोडे. तुमच्या ग्लासांतही तसंच आहे. रुंद ग्लासाचा एक थर अरुंदाच्या सव्वादोन पट आहे, म्हणून उंच ग्लास बुटक्याच्या सव्वादोन पट उंच, म्हणजे सुमारे १८ सेंटीमीटर असता, तर दोघांत सारखंच मावलं असतं. त्याहून उंच असता तर उंचच जिंकला असता. मोठ्या मुलांना हा १८ चा आकडा स्वतः शोधू द्या.

तुमच्या पाच वर्षांच्या मुलीचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिचा प्रश्न बहुधा "कशात जास्त मावतं" हा नाहीच. तेच सरबत बुटक्यातून उंचात ओतलं की ते वाढलं, असं तिला खरोखर वाटत असेल. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने हे मुलांकडून ग्लासात पाणी ओतून घेऊन तपासलं आणि १९४१ च्या पुस्तकात मांडलं. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत मुलं पाण्याच्या पातळीवरून प्रमाण ठरवतात. तिला समजावून थकू नका, आणि "नीट बघ, नक्की?" असं पुन्हा पुन्हा विचारू नका. मोठ्या माणसाने तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की आधीचं उत्तर चुकलं असं समजून मुलं ते बदलतात.

तिच्यासाठी एक युक्ती आहे, जेरोम ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या १९६० च्या दशकातल्या कामातली. ग्लासांपुढे पुठ्ठा उभा करा, वरचे काठ तेवढे दिसू द्या, पाण्याची पातळी दिसू देऊ नका. पुठ्ठ्यामागे सगळं पाणी एकातून दुसऱ्यात ओता आणि विचारा, "आता प्यायला तेवढंच आहे, की कमी-जास्त?" पातळी दिसत नसली की लहान मुलंही बऱ्याचदा म्हणतात, "तेवढंच, तू फक्त ओतलंस." मग पुठ्ठा काढा. त्या प्रयोगात पुठ्ठा काढल्यावर चार वर्षांची मुलं पुन्हा पातळी बघून फिरली, पाच वर्षांची बहुतेक आपल्या उत्तरावर टिकली. तुमची मुलगी नेमकी या सीमेवर आहे, कुठल्याही बाजूला गेली तरी काळजीचं काही नाही. चौकटी आणि थर तिला आत्ता दाखवू नका. मोठी मुलं मोजत असताना तिला ओतायचं काम द्या.

राहिलं रोजचं भांडण. दोन्ही ग्लासांवर बाहेरून चिकटपट्टीने १०० मिलीची खूण करा. वरच्या मापांना ती उंच ग्लासावर आतल्या तळापासून ५ सेंटीमीटरवर येईल आणि बुटक्यावर जेमतेम सव्वादोनवर. स्टीलमधून पातळी दिसत नाही, म्हणून खुणेसाठी त्याच मापाचे काचेचे ग्लास घ्यावे लागतील. औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या टोपणाने १० मिली दहा वेळा ओतून खूण मुलांकडूनच करून घ्या. मुलाला दोन्ही खुणा सारख्या आहेत हे पटेल. मुलगी काही महिने उंच ग्लासच मागेल, तर तिला तोच द्या.