आजीच्या कुरडया आणि मामाचा अंगठा

प्रश्न: आजीला नवीन फोन घेऊन दिलाय. तिला फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायला कसं शिकवू?

टाकायला ती दोन दिवसांत शिकेल. ग्रुप वर पिन करून ठेवा, कॅमेऱ्याचं चिन्ह दाखवा, पुढे हिरवा बाण. खरी अडचण उत्तरं यायला लागल्यावर सुरू होते.

माझी आजी, म्हणजे आईची आई, वाईजवळच्या गावात राहते. तिने टाकलेला पहिला फोटो कुरडयांचा. तीन दिवस गहू भिजत घालून, रोज पाणी बदलून, चीक काढून, पहाटे शिजवून सोऱ्याने गच्चीवर घातलेल्या. जुन्या लुगड्यावर पांढऱ्याशुभ्र ओळी, आणि कोपऱ्यात एक कावळा कुरडई ओढत होता. तो तिला दिसलाच नव्हता.

मावसबहिणीला मात्र तोच आधी दिसला. तिने 😂 टाकलं. मामाने 👍, मामीने 🙏.

आजीला त्या चेहऱ्यावर फक्त पाणी दिसलं. मावशी गेल्या वर्षी गेली, आणि दर उन्हाळ्यात सोऱ्या तीच दाबायची. म्हणजे पोरगी आईच्या आठवणीने रडतेय. मामाने ठेंगा दाखवला, म्हणजे त्याला कुरडया नकोत. सुनेने हात जोडले, म्हणजे पुरे झालं तुमचं. आजी कुणाला काही बोलली नाही. तिने मोठा डबा भरून मावसबहिणीकडे पाठवला, वर फोन करून "रडू नको गं बाई" म्हणाली. मामाकडे काहीच गेलं नाही.

जूनमध्ये मामाने विचारलं तेव्हा सगळं बाहेर आलं. आणि त्याचं म्हणणं काय, तर "तिला इमोजी शिकव, नाहीतर फोन काढून घे." यावरून आमचं अजून वाजतं. मी ठाम सांगतो, आजीचं काही चुकलं नाही. तिच्या आयुष्यभर अंगठा नाचवणं म्हणजे ठेंगाच होता, आणि डोळ्यांत पाणी म्हणजे रडणं. एवढ्या खटपटीच्या फोटोला सख्ख्या मुलाने "आई, छान झाल्यात, मला ठेव" एवढं लिहायला काय हरकत होती? टाइप करायचा कंटाळा असेल तर माइक दाबून बोलावं. तेवढं आजीला नीट कळतं.

तेव्हा तुम्ही आजीपेक्षा आधी ग्रुपवाल्यांना शिकवा. पहिल्या फोटोला शब्दांत किंवा आवाजात उत्तर द्या, असं प्रत्येकाला वेगळं सांगा. ग्रुपवर सांगितलंत तर त्यालाही अंगठेच येतील.

हां, आजी स्वतःहून विचारत असेल तर इमोजी जरूर समजावा. आणि मोतीबिंदू आहे का ते बघून घ्या. फोटोखाली चिकटणारी ती चिन्हं इतकी बारीक असतात की हसणारा आणि रडणारा चेहरा एकसारखाच दिसतो. सेटिंग्जमध्ये अक्षरं मोठी केली तरी मी पाहिलेल्या फोनवर ती तेवढीच राहिली. त्यावर बोट टेकवलं की कुणी काय टाकलंय ते नावासकट मोठं दिसतं, एवढं तिला नक्की दाखवा.