सरांचे अकरा मुद्दे आणि ‘५० हर्ट्झ’

*“परदेशी विद्यापीठाच्या अर्जासाठी सरांकडे शिफारसपत्र मागितलं, तर त्यांनी व्हॉट्सॅपवर दहा-बारा तुटक मुद्दे टाकले. ‘यावरून तूच लिहून आण, मी सही करतो,’ म्हणाले. मुद्दे वाचले तर ते वर्गातल्या कुणालाही लागू पडतील असे आहेत. मी लिहिलं तर ते खोटं ठरेल का? आणि नाही लिहिलं तर पत्र होणार कसं?”*

पत्र तू लिहू नकोस. अनेक अर्जांत शिफारस करणाऱ्याला ‘हे पत्र माझं आहे’ असं जाहीर करावं लागतं. काही विद्यापीठं तर अर्जदाराने स्वतः पत्र लिहू नये असं स्पष्टच सांगतात. पण सरांच्या मुद्द्यांतून पत्र उभं राहावं म्हणून तुला बरंच काही करता येईल. ते कसं, हे सांगायला मागे हाताळलेली एक केस सांगते.

यंत्र अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या प्रोजेक्टच्या सरांनी तिलाही असेच अकरा मुद्दे पाठवले होते. हुशार. मेहनती. नेहमी पहिल्या पाचात. हजेरी नियमित. इंग्रजी उत्तम. चौथ्या सत्रात गुण घसरले, घरी आजारपण. ५० हर्ट्झ. ज्युनियरना मदत. सेमिनारला अडखळते. आतापर्यंतची सर्वोत्तम विद्यार्थिनी. गॅदरिंगमध्ये नाटक.

त्यावरून तिने एक पत्र तयारही केलं होतं. ‘शिफारस करताना मला अत्यंत आनंद होत आहे’ अशी सुरुवात, मग प्रत्येक मुद्द्याचं एक वाक्य आणि प्रत्येक वाक्यात दोन विशेषणं. त्यात एक वाक्य तिच्या एसओपीतलं, म्हणजे अर्जासाठी तिने स्वतः लिहिलेल्या उद्देशपत्रातलं, जसंच्या तसं होतं, फक्त ‘मी’च्या जागी ‘ती’. प्रवेश समिती ही दोन्ही कागदं एकाच वेळी वाचते, त्यामुळे असं वाक्य लपत नाही. शिवाय ती फाइल तिच्या लॅपटॉपवर बनलेली. पीडीएफच्या माहितीत ‘लेखक’ म्हणून तिचंच नाव दिसत होतं. पोरांना हे ठाऊकच नसतं. पण नाव पुसून टाकणं हा काही त्यावरचा उपाय नव्हे.

ते पत्र मी बाजूला ठेवलं आणि तिच्या परवानगीने सरांना फोन केला. ती त्या फोनवर नव्हती. ते मुद्दामच. समोर विद्यार्थी असला की शिक्षक फक्त कौतुक करतात, आणि कौतुकातून पत्र लिहिता येत नाही. सर सज्जन होते, पण कामाच्या रगाड्यात अडकलेले. “मॅडम, मला असलं इंग्रजी जमत नाही, म्हणून म्हटलं तीच लिहील,” म्हणाले. ही अडचण खरी असते. मी म्हटलं, “इंग्रजीचं मागाहून बघू. तुम्ही मला मराठीतच सांगा, मी फक्त प्रश्न विचारते.”

प्रश्न एकच होता, तो फिरवून फिरवून विचारला : हे तुम्ही स्वतः कधी पाहिलंत?

या प्रश्नासमोर अर्धी यादी गळाली. पहिल्या पाचात असणं गुणपत्रिकेत दिसतं, त्यासाठी सरांच्या साक्षीची गरज नाही. इंग्रजीची परीक्षा तिने वेगळी दिलीच होती. नाटक सरांनी पाहिलं नव्हतं, कुणाकडून तरी ऐकलं होतं. चौथ्या सत्राचा मुद्दा मात्र सरांना ठेवायचा होता, तिची बाजू मांडावी म्हणून. पण त्या सत्रात ते तिला शिकवतच नव्हते आणि आजारपणही तिच्याचकडून कळलेलं. ते सांगायचं की नाही आणि किती, हे तिचं तिने तिच्या लिखाणात ठरवायचं. शिक्षकाने पाहिलेली एखादी घसरण आणि त्यानंतरची सुधारणा पत्रात जरूर यावी, ऐकीव गोष्ट येऊ नये.

मग मी सातव्या मुद्द्याकडे वळले. “सर, हे ५० हर्ट्झ म्हणजे काय?” ते जरा थांबले. “ते काही विशेष नाही हो. सहज आठवलं म्हणून टाकलं.” जो मुद्दा सहज आठवतो, तो बहुधा प्रत्यक्ष पाहिलेला असतो, हे मला अनुभवाने माहीत आहे. म्हणून मी सोडलं नाही.

गोष्ट अशी निघाली. प्रोजेक्ट होता पंपाच्या कंपनांवरून बिघाड ओळखण्याचा. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेणारी, म्हणजे सेकंदाला २४. मोटार आणि पंप यांचे दांडे एका रेषेत नसतील तर आलेखात त्याच्या दुप्पट, म्हणजे ४८ हर्ट्झला, उंच टोक दिसू शकतं. गटाला तिथेच टोक दिसलं. दांडे तिरके आहेत असा निष्कर्ष काढून सगळे अहवाल लिहायला बसले. हिला खटकलं, कारण दांडे पुन्हा जुळवूनही टोक कमी होत नव्हतं. मोजणी पाव सेकंदाची होती, त्यामुळे आलेखावर चार-चार हर्ट्झच्या ढोबळ पायऱ्या पडत होत्या आणि ४८ व ५० यांत फरक कळणं शक्य नव्हतं. तिने दहा सेकंदांची मोजणी घेतली. टोक सरकून बरोबर ५० वर आलं. मग तिने उपकरणं चालू ठेवून मोटारच बंद केली. टोक जागचं हललं नाही. ते पंपाचं कंपन नव्हतंच. वीजपुरवठ्याची ५० हर्ट्झची गुणगुण सेन्सरच्या केबलमधून आत येत होती, कारण केबलच्या आवरणाला दोन्ही टोकांना अर्थिंग केलेलं होतं. एका टोकाचं अर्थिंग सोडवल्यावर टोक गेलं.

“आणि हे तिने एकटीने केलं?” मी विचारलं. “हो. बाकीचे घरी गेले होते.” “तुम्ही काय म्हणाला होतात तेव्हा?” आता सर हसले. “मीच म्हटलं होतं दांडे तिरके आहेत म्हणून.”

तो मुद्दा दोनच शब्दांचा का होता, ते तेव्हा कळलं.

पत्राचा गाभा इथे सापडला. ‘हुशार’, ‘मेहनती’, ‘चिकित्सक’ यांतला एकही शब्द न वापरता हा प्रसंग सांगितला, तरी वाचणारा ते स्वतः म्हणेल. मूळ अहवाल काढून आकडे तपासून घ्या, असं मी सरांना सुचवलं, कारण आठवणीतले आकडे थोडेफार घसरतात. तो अहवाल त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं काम विद्यार्थिनीचं.

ज्युनियरना मदत या मुद्द्यामागेही वस्तू निघाली : केबल कशी जोडायची यावर तिने लिहिलेली दोन पानांची टिपणं पुढची बॅच वापरत होती. सेमिनारला अडखळण्याचा मुद्दा सर खोडायला निघाले होते. मी विचारलं, नंतर काय झालं? पहिल्या सेमिनारला तिने स्लाइड नुसत्या वाचल्या होत्या, अंतिम तोंडी परीक्षेत मात्र फळ्यावर आकृती काढून वरचा सगळा प्रकार समजावला. तो मुद्दा राहिला, एका वाक्यात. पत्रात एखादी खरी उणीव असली की बाकीच्या ओळींवर विश्वास बसतो. ‘ती फारच परिपूर्णतावादी आहे’ असली लाडिक उणीव मात्र कुणालाही फसवत नाही.

सर्वात जास्त वेळ गेला ‘सर्वोत्तम विद्यार्थिनी’वर. कितींमध्ये? सरांनी वही काढली. सात वर्षांत प्रोजेक्टसाठी ५६ विद्यार्थी त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांत ही पहिली का? जरा विचार करून त्यांनी आणखी दोन नावं सांगितली. म्हणजे ५६ पैकी पहिल्या तिघांत. एवढं साधं वाक्य ‘सर्वोत्तम’पेक्षा कितीतरी वजनदार ठरतं. आता गंमत बघ. पत्राबरोबरच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये चौकटी होत्या : वरचे २ टक्के, ५ टक्के, १० टक्के असं. सर सवयीने २ टक्क्यांवर टिचकी मारणार होते. ५६ पैकी तीन म्हणजे पाच टक्क्यांहून किंचित जास्त. पत्र एक सांगतंय आणि चौकट दुसरं, असं झालं की वाचणारा दोन्हींवर शंका घेतो. सरांनी १० टक्क्यांची चौकट निवडली. तोंडी सादरीकरणाच्या ओळीत त्याहून खालची.

मी त्यांना मजकूर लिहून दिला नाही. फोनवर त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत, क्रम लावून, मराठीत पाठवलं. आधी ओळख : कधीपासून, कोणत्या नात्याने, कोणता विषय शिकवला. मग तो प्रसंग, भरपूर जागा देऊन. मग टिपणं आणि सेमिनार. शेवटी तुलना आणि तिला ज्या अभ्यासक्रमाला जायचंय त्याच्याशी या कामाचा संबंध. इंग्रजी सरांनी स्वतः केलं, साधं आणि छोट्या वाक्यांचं. एका सहकारी मॅडमनी व्याकरण पाहिलं. पत्र साधारण सव्वा पान भरलं. कॉलेजच्या लेटरहेडवर, सही करून, त्यांनी ते स्वतःच्या कॉलेजच्या ईमेलवर आलेल्या लिंकवरून चढवलं.

त्या पत्रात एक वाक्य मी सुचवलेलं नव्हतं. माझं स्वतःचं निदान चुकलं होतं आणि ते तिने मोजून दाखवलं, असं सरांनी लिहिलं होतं.

विद्यार्थिनीने पत्र पाहिलं नाही. अमेरिकी विद्यापीठांच्या अर्जांत, प्रवेश घेतल्यावर शिफारसपत्र पाहण्याचा हक्क तू सोडतेस का, असा प्रश्न असतो. तो हक्क १९७४ च्या तिथल्या कायद्याने मिळतो. तिने तो सोडला होता. सोडणं सक्तीचं नसतं, पण सोडला की शिक्षकाने मोकळेपणाने लिहिलंय असं वाचणारा धरून चालतो. जिने पत्र स्वतःच लिहिलंय तिने त्या चौकटीवर खूण करायची म्हणजे काय, ते तूच ठरव.

आता तुझं. सरांना ‘तुम्हीच लिहा’ एवढंच कळवलंस तर ते बाजूला पडेल. तारखेच्या निदान तीन-चार आठवडे आधी असं काहीतरी पाठव : “सर, फॉर्ममध्ये पत्र तुमचंच असल्याचं जाहीर करावं लागतं, म्हणून मी लिहू शकत नाही. तुमचे मुद्दे मिळाले. त्यांतल्या कोणत्या प्रसंगावरून तुम्हाला तसं वाटलं, हे आठवायला सोपं जावं म्हणून प्रोजेक्टचा अहवाल, गुणपत्रिका आणि विद्यापीठांच्या तारखांची यादी जोडते आहे. अर्धा तास द्याल का? मराठीत बोललात तरी चालेल.” भेटायला जाशील तेव्हा त्यांचे मुद्दे कागदावर मोठ्या अंतराने छापून ने. प्रत्येक मुद्द्याखालची मोकळी जागा सरांना त्यांच्याच हाताने भरू दे. आणि यादीत एखादा मुद्दा तुलाही न कळणारा, दोनच शब्दांचा असेल, तर तो खोडू नकोस.