दाब आकारमानाच्या प्रमाणात वाढत असेल तर उष्माधारकता कोणती घ्यायची?

प्रश्न: दोन मोल हेलियम ३०० केल्विनपासून असा प्रसरण पावतो की दाब सतत आकारमानाच्या प्रमाणात राहतो. आकारमान दुप्पट होतं. कार्य आणि शोषलेली उष्णता काढायची आहे. वायू प्रसरण पावतोय म्हणून मी Cp घेतली, पण उत्तरात 2R घेतलंय. हे 2R कुठून आलं?

Cp फक्त दाब स्थिर असेल तेव्हाच चालते. इथे दाबही वाढतोय, म्हणून ती लागू होत नाही. आकारमान बदलतंय म्हणून Cv सुद्धा नाही. खरी किंमत या दोघींच्या बरोबर मध्ये आहे. ती मध्येच का आहे हे कळलं की सूत्र पाठ करावं लागत नाही.

आदर्श वायूचं समीकरण PV = nRT. तापमान थोडंसं वाढलं तर PV या गुणाकारातही तेवढ्या हिशोबाने वाढ होते, आणि ती दोन वाटांनी येते:

P dV + V dP = nR dT

यातला पहिला तुकडा, P dV, म्हणजे वायूने केलेलं कार्य. दुसरा तुकडा कार्य नाही, तो नुसता दाब वाढण्याचा वाटा आहे. आकारमान स्थिर असेल तर पहिला तुकडा शून्य, म्हणून कार्य काहीच नाही. दाब स्थिर असेल तर दुसरा तुकडा शून्य, आणि अख्खं nR dT कार्यात जातं. Cp आणि Cv मध्ये R चा फरक पडतो तो यामुळेच.

आता P = aV ठेवा. मग P dV = aV dV, आणि V dP सुद्धा aV dV. दोन्ही तुकडे अगदी सारखे. म्हणजे nR dT चा बरोबर अर्धा भाग कार्यात जातो:

dW = ½ nR dT

अंतर्गत ऊर्जेची वाढ मात्र कोणत्याही प्रक्रियेत nCv dT एवढीच असते, कारण आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जा फक्त तापमानावर ठरते. दोन्हींची बेरीज म्हणजे शोषलेली उष्णता. तिला n आणि dT ने भागलं की

C = Cv + R/2

हेलियम एकअणू वायू आहे, त्याची Cv = 3R/2. म्हणून C = 2R. दोन अणूंच्या वायूसाठी Cv = 5R/2 घेतली तर हीच किंमत 3R होईल.

आता तुमचं गणित. इथे उष्माधारकतेच्या आधी आणखी एक जागा सांभाळावी लागते, ती तापमानाची. आकारमान दुप्पट झालं म्हणून तापमानही दुप्पट, असं पटकन लिहिलं जातं. पण ते स्थिर दाबाला खरं आहे. इथे आकारमान दुप्पट होताना दाबही दुप्पट होतो, म्हणून PV चौपट, आणि तापमानही चौपट. ३०० वरून ते १२०० केल्विनवर जातं. वाढ ९०० केल्विन.

R ची किंमत ८.३१४ धरा. दोन मोलसाठी nR ΔT = २ × ८.३१४ × ९०० = १४,९६५ ज्यूल. याचा अर्धा भाग कार्य, म्हणजे सुमारे ७,४८३ ज्यूल. अंतर्गत ऊर्जेची वाढ १४,९६५ च्या दीडपट, २२,४४८ ज्यूल. बेरीज २९,९३० ज्यूल, ही शोषलेली उष्णता. C = 2R वापरून थेट काढलीत तरी हीच येईल.

तुम्ही Cp घेतली तेव्हा सुमारे ३७,४१३ ज्यूल आले असणार. फरक ७,४८३ ज्यूलचा, म्हणजे नेमका कार्याएवढा. दाब वाढण्याकडे गेलेला अर्धा भागही तुम्ही कार्य म्हणून मोजलात, म्हणून उत्तर तेवढंच फुगलं.

कार्य आलेखावरूनही पडताळून पाहा, मी तरी असं गणित त्याशिवाय सोडत नाही. दाब-आकारमान आलेखावर ही प्रक्रिया आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेवरची आहे, आणि रेषेखालचं क्षेत्रफळ म्हणजे कार्य. सुरुवातीचं P₁V₁ = nRT₁ = ४,९८८ ज्यूल. आकारमान V₁ ने वाढलं, आणि दाब P₁ वरून 2P₁ वर गेला. त्याची सरासरी दीडपट, म्हणून कार्य ४,९८८ × १.५ = ७,४८३ ज्यूल. जुळलं. नुसता सुरुवातीचा दाब घेऊन P₁ΔV केलं तर ४,९८८ ज्यूल येतं, शेवटचा दाब घेतला तर ९,९७७. दोन्ही चूक. सरासरी चालते ती रेषा सरळ आहे म्हणून.

अशी प्रक्रिया प्रत्यक्षात कशी घडवायची? आडव्या सिलिंडरमध्ये घर्षण नसलेला दट्ट्या, त्याच्या मागे स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या बाजूला निर्वात. दट्ट्या सिलिंडरच्या तळाशी टेकलेला असताना स्प्रिंग सैल असायला हवी. मग वायूचं आकारमान दट्ट्या सरकलेल्या अंतराच्या प्रमाणात, स्प्रिंगचं बलही त्याच अंतराच्या प्रमाणात, आणि दाब आपोआप आकारमानाच्या प्रमाणात. गरम सावकाश करायचं, म्हणजे दट्ट्या सतत समतोलात राहील. वायूने केलेलं सगळं कार्य स्प्रिंगमध्ये साठतं, आणि ½kx² मधली वाढ काढलीत तर तीही तेवढीच निघते.

यातला निर्वात काढून बाहेर हवा ठेवली की गणित बदलतं, आणि परीक्षेतले प्रश्न इथेच फसवतात. आता दाब P = P₀ + aV. आलेखावर रेषा अजूनही सरळ आहे, पण आरंभबिंदूतून जात नाही. P dV आणि V dP समान राहत नाहीत, म्हणून C स्थिर राहत नाही, ती टप्प्याटप्प्यावर बदलते:

C = Cv + R (P₀ + aV) / (P₀ + 2aV)

समजा सुरुवातीला स्प्रिंगचा वाटा बाहेरच्या दाबाएवढाच आहे, म्हणजे aV₁ = P₀. मग सुरुवातीला C = Cv + 2R/3, आणि आकारमान दुप्पट झाल्यावर Cv + 3R/5. अशा वेळी उष्माधारकतेच्या नादी लागू नका. रेषेखालचं क्षेत्रफळ काढून कार्य घ्या, तापमान PV वरून काढून अंतर्गत ऊर्जेची वाढ घ्या, आणि दोन्हींची बेरीज करा. तुमच्याच दोन मोल हेलियमला ३०० केल्विनपासून असं दुप्पट केलं तर तापमान ९०० केल्विन होतं, कार्य सुमारे ६,२३६ ज्यूल, अंतर्गत ऊर्जेची वाढ १४,९६५ ज्यूल, आणि उष्णता २१,२०१ ज्यूल.

आणखी एक मर्यादा. 2R हे हेलियमसाठी १२०० केल्विनलाही निर्धास्त वापरता येतं, कारण एकट्या अणूला फिरण्या-कंप पावण्यात ऊर्जा साठवता येत नाही. त्याच तापमानाला नायट्रोजन घेतला तर त्याच्या रेणूंचं कंपन जागं होऊ लागतं आणि Cv 5R/2 च्या वर सरकते. तिथे 3R लावून काढलेली उष्णता प्रत्यक्षापेक्षा कमी येईल, कार्य मात्र बदलणार नाही, कारण त्यात Cv येतच नाही.